चित्रात जे दिसत नाही, तेच ओळीत लिहावे

प्रश्न: मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात दोन हंगाम काढलेल्या 10 फोटोंचा कॅरोसेल माझ्या पोर्टफोलिओत टाकला आहे. पाहणारे म्हणतात की फोटो चांगले आहेत, पण कॅप्शन वाचून नवीन काही कळत नाही. कॅप्शनमध्ये नेमके काय लिहायचे, किती लिहायचे, आणि वर्णन काढून टाकले तर ज्यांना चित्र दिसतच नाही त्यांचे काय करायचे? माझ्या सध्याच्या कॅप्शन्स आणि त्या दिवसांच्या नोंदी सोबत देत आहे.

उत्तर:

तुमच्या दहाही कॅप्शन्स एकापाठोपाठ वाचल्या, तेव्हा रोगाची पहिली खूण व्याकरणातच सापडली. दहापैकी सात ओळींतले क्रियापद ‘-ताना’वर येऊन थांबते. ‘जाळे विणताना कोळी बांधव’, ‘बोंबील सुकत घालताना महिला’, ‘होडी किनाऱ्याला लावताना’. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत फोटोखाली असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे आणि तिथे ती चुकीचीही नाही, कारण कार्यक्रमाच्या फोटोत कोण कोणाला हार घालत आहे एवढेच वाचकाला हवे असते. पोर्टफोलिओत मात्र ही रचना आडवी येते. तिच्यात पूर्ण क्रियापद नसल्यामुळे चौकटीत चाललेल्या कृतीला नाव दिले की ओळ संपते; त्याआधी काय झाले, नंतर काय होणार, चौकटीबाहेर कोण उभे आहे, यांपैकी काहीही तिच्यात मावत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या छायाचित्रकारांना मी पहिला उपाय अगदी यांत्रिक सांगतो: प्रत्येक कॅप्शन पूर्ण वाक्यात लिहा, आणि त्या वाक्याचे क्रियापद चित्रात दिसणाऱ्या कृतीचे असता कामा नये. एवढ्याने कॅप्शन चांगली होतेच असे नाही, पण तिला चांगले होण्याची वाट मोकळी होते.

पुढचे काम कागदावर करा. प्रत्येक फोटोसाठी पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे अनोळखी माणसाला पाच सेकंदांत काय दिसेल ते लिहा आणि उजवीकडे तुम्ही तिथे उभे होतात म्हणूनच तुम्हाला जे माहीत आहे ते. डाव्या बाजूतला मजकूर कॅप्शनमध्ये येणार नाही. तो कुठे जातो ते पुढे सांगतो. उजव्या बाजूला पाच-सहा गोष्टी जमतील आणि त्यांतली एकच निवडायची आहे. बहुतेक जण चुकतात ते इथे. संदर्भ द्यायचा म्हणजे माहिती भरायची असा समज करून घेऊन ते कॅप्शनचा विश्वकोश करतात. निवडीची माझी कसोटी साधी आहे. कॅप्शन वाचून झाल्यावर वाचकाची नजर चित्रात परत जाऊन एका नेमक्या जागी थांबली पाहिजे. माहिती कितीही रोचक असली तरी तिला चित्रात टेकायला जागा नसेल, तर ती त्या चित्राची कॅप्शन नव्हे.

हे उमजण्यासाठी एक फार जुने उदाहरण उपयोगी पडते. डोरोथिया लँग यांनी 1936 साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे काढलेला, स्थलांतरित मातेचा म्हणून जगभर ओळखला जाणारा फोटो तुम्ही पाहिलेलाच असेल. चौकटीत एक बाई आणि तिची तीन मुले आहेत. दोघांनी तोंडे फिरवलेली आहेत आणि एक तान्हे कुशीत आहे. सरकारी संग्रहात त्याखाली जी नोंद आहे तिचा आशय एवढाच: कॅलिफोर्नियातील वाटाणा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस. सातपैकी तीनच मुले दिसतात, म्हणजे उरलेली चार कुठेतरी चौकटीबाहेर आहेत. वय बत्तीस हे वाचले की कपाळावरच्या आठ्या आपण पुन्हा पाहतो, कारण पहिल्यांदा पाहताना आपण तिला पंचेचाळिशीची धरलेली असते. चिंता, माया, दारिद्र्य यांपैकी चेहऱ्यावर दिसणारे काहीही त्या नोंदीने शब्दांत सांगितलेले नाही, फक्त दोन आकडे दिले आहेत, आणि त्या आकड्यांना टेकायला चित्रात जागा आहे.

आता तुमचा दुसरा फोटो घेऊ. बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकत आहेत आणि खालून टोपली घेतलेली बाई चालली आहे. तुमची कॅप्शन अशी: ‘वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूवर सुकत घातलेले बोंबील आणि कोळी महिला.’ ही ओळ झाकली तर वाचकाचे काहीच बिघडत नाही. तुमच्या नोंदींत मात्र त्या दिवसाबद्दल बरेच काही आहे. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून दोरीवर टाकतात, म्हणून बांधायला सुतळी लागत नाही, हे तुम्ही लिहिले आहे. ताज्या बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते, हेही आहे. आणि शेवटी, घाईघाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे: आदल्या रात्री पावसाची चाहूल लागल्यामुळे बायकांनी पहाटे तीन वाजता उठून खालच्या दोऱ्यांवरचा माल उतरवला.

जबड्यांची गोष्ट मला फार आवडते, पण तुमच्या चौकटीत बोंबील इतके लहान आहेत की ते जबडे दिसत नाहीत. वाचक शोधत बसेल आणि त्याच्या हाती काही लागणार नाही. ती माहिती सहाव्या, जवळून काढलेल्या फोटोसाठी राखून ठेवा. पाण्याचे प्रमाण एकट्याने दिले तर ते पाठ्यपुस्तक वाटते. पहाटे तीनची नोंद मात्र थेट चित्रात जाऊन बसते, कारण तुमच्या फोटोत खालच्या दोन दोऱ्या रिकाम्या आहेत आणि वरच्या कोपऱ्यात आकाश करडे आहे. या दोन्ही गोष्टी चित्रात होत्याच, पण तुम्ही सांगेपर्यंत त्या मला दिसल्या नाहीत. मी ती कॅप्शन अशी लिहिली असती:

‘बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच, कडक ऊन मिळाले नाही तर तो सुकण्याऐवजी सडतो. पावसाची चाहूल लागली म्हणून या वाडीतल्या बायकांनी पहाटे तीनलाच हाताला येईल तेवढा माल उतरवून घेतला होता.’

‘हाताला येईल तेवढा’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. रिकाम्या दोऱ्या खालच्या का, याचे उत्तर त्यांत आहे, पण ‘खालच्या दोऱ्या रिकाम्या दिसत आहेत’ असे कुठेही म्हटलेले नाही. वाचकाने ते स्वतः पाहावे. तुम्ही बोट दाखवून सांगितले की कॅप्शन पुन्हा वर्णनाकडे घसरते.

चौथ्या फोटोत अडचण वेगळी आहे. धक्क्यावर उपड्या क्रेटवर बसलेल्या वयस्क बाईच्या फोटोखाली तुम्ही लिहिले आहे: ‘विचारमग्न. समुद्राशी झुंजणाऱ्या आयुष्याची मूक कहाणी.’ हे वर्णन नाही हे खरे, पण हा संदर्भही नव्हे. पाहणाऱ्याला काय वाटावे याची ही सूचना आहे. ती विचारमग्न आहे हे तुम्हाला कसे कळले? तुमच्या नोंदीत तर ती कंटाळलेली आहे असे लिहिले आहे. ओहोटीमुळे मुलाची बोट खाडीच्या तोंडाशी अडकली होती, पाणी चढेपर्यंत आत येता येत नव्हते, आणि मासळी उतरेपर्यंत तिला विकायला काही नव्हते. दर्याची मासेमारी पुरुषांकडे आणि विक्री बायकांकडे ही कोळीवाड्यातली कामाची जुनी वाटणी आहे, आणि ती वाटणी या एका बसण्यात पूर्ण उतरली आहे. तर लिहा: ‘मुलाची बोट खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट पाहत आहे. बोट आत आल्याखेरीज विकायला मासळी नाही, म्हणून ती सकाळी साडेसहापासून इथे बसून आहे.’ आता तिच्या पायाशी पडलेली रिकामी पाटी आणि मागे चिखलात कललेल्या होड्या यांना अर्थ येतो. ‘झुंज’ हा शब्द न वापरताही जे म्हणायचे होते ते म्हटले गेले, आणि मुख्य म्हणजे त्या बाईला स्वतःबद्दल ही ओळ वाचून हसू येणार नाही.

आणखी एक चाळणी लावा. तुमच्या तीन कॅप्शन्समध्ये ‘वेसावे हा मुंबईतील जुन्या कोळीवाड्यांपैकी एक आहे’ या आशयाचे वाक्य आले आहे. कोणतेही वाक्य दहापैकी दुसऱ्या एखाद्या फोटोखाली जसेच्या तसे चिकटवता येत असेल, तर ते कॅप्शनचे वाक्य नसून मालिकेच्या प्रास्ताविकाचे आहे. डोल जाळ्याची माहितीही तशीच. ही पिशवीसारखी जाळी एका जागी रोवलेली असते आणि भरती-ओहोटीचा ओघच मासळी तिच्यात आणून सोडतो, म्हणून गावाचे घड्याळ पाण्याबरोबर फिरते, ही गोष्ट पाच फोटोंना लागू आहे. ती कॅरोसेलच्या वर, तीन-चार वाक्यांच्या परिच्छेदात एकदा सांगा. त्यामुळे प्रत्येक कॅप्शनच्या खांद्यावरचे ओझे उतरते.

किती लिहायचे याचा आकडा हवाच असेल तर मी 25 ते 40 शब्द धरतो, पण सगळ्या कॅप्शन्स एकाच मापाच्या नकोत. तुमच्या सातव्या फोटोतला मुलगा थेट भिंगात पाहत आहे. तिथे ठिकाण आणि वर्ष एवढेच ठेवा. त्या नजरेला स्पष्टीकरण जोडले तर ती पातळ होते. मात्र जागा पूर्ण कोरी सोडू नका, कारण कॅरोसेलमध्ये कोरी जागा ही कॅप्शन लोड न झाल्यासारखी दिसते. ठिकाण आणि वर्ष यांची बारीक ओळ दहाही स्लाइडवर एकाच जागी द्या. तिचा दुसरा उपयोग असा की कॅरोसेल कोणी पहिल्यापासून ओळीने पाहीलच याची खात्री नसते. शोधातून किंवा कोणी पाठवलेल्या दुव्यावरून माणूस थेट पाचव्या स्लाइडवर उतरतो, मागे जातो, मधल्या दोन ओलांडतो. म्हणून ‘हीच बाई’, ‘त्याच दिवशी’, ‘आधी पाहिल्याप्रमाणे’ असे मागच्या स्लाइडवर टेकलेले शब्द तुमच्या पाचव्या आणि नवव्या कॅप्शनमधून काढा. प्रत्येक कॅप्शन एकटी उभी राहिली पाहिजे.

ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्याबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि कागदाच्या डाव्या बाजूचा मजकूर नेमका तिथेच जातो. वर्णन टाकून द्यायचे नाही, त्याची जागा बदलायची. चित्रासोबत `alt` हा गुणधर्म असतो. स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो आणि चित्र उघडले नाही तर तोच मजकूर पडद्यावर येतो. कॅप्शन सर्वांसाठी आहे, `alt` हे चित्राच्या जागी आहे. दोन्हींत एकच वाक्य टाकणे ही फार आढळणारी चूक आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला तेच वाक्य दोनदा ऐकावे लागते आणि चित्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्या फोटोची मांडणी अशी होईल:

```html
<figure>
  <img src="vesave-02.jpg"
    alt="बांबूच्या उंच चौकटीवर बोंबलांच्या रांगा;
    खालच्या दोन दोऱ्या रिकाम्या. टोपली घेतलेली
    एक बाई खालून जात आहे. आकाश ढगाळ.">
  <figcaption>बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच, …</figcaption>
</figure>
```

रिकाम्या दोऱ्या आणि ढगाळ आकाश ही माहिती `alt`मध्ये आहे हे लक्षात घ्या. कॅप्शन ज्या जागी टेकते ती जागा ऐकणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, नाहीतर पहाटे तीनची गोष्ट त्याच्यासाठी अधांतरी राहते. म्हणून मी आधी कॅप्शन पक्की करतो आणि मग `alt` लिहितो.

तुमच्या संकेतस्थळावर स्लाइड दर पाच सेकंदांनी आपोआप सरकते, ते आजच बंद करा. वाचनाचा वेग मिनिटाला 200 शब्द धरला तरी 35 शब्दांना दहा सेकंदांहून अधिक लागतात, आणि त्यानंतर नजर चित्रात परत जायला हवी असेल तर आणखी वेळ. ज्या परतीसाठी आपण एवढी खटपट केली, तीच हे आपोआप सरकणे कापून टाकते. वेबवरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही, पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप हलणारा मजकूर थांबवण्याची सोय असावी असे सांगितले आहे. दुसरे म्हणजे कॅप्शन चित्रावर पांढऱ्या अक्षरांत छापू नका. ढगाळ आकाशावर ती बुडते आणि चित्राचाही तेवढा भाग झाकला जातो. ती खाली ठेवा आणि खालच्या पट्टीची उंची सर्वांत लांब कॅप्शनला पुरेल एवढी कायम ठेवा, म्हणजे स्लाइड बदलताना पान वरखाली उडणार नाही. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी लागते. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यांत ते बहुधा कमी असते.

हीच मालिका इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर तिथला अडथळा वेगळा आहे. एका पोस्टमध्ये आता 20 फोटोंपर्यंत मालिका जाते, पण कॅप्शन सगळ्यांना मिळून एकच, तीही 2200 अक्षरांपर्यंत, आणि त्यातल्या सुरुवातीच्या ओळीच लगेच दिसतात. काही जण प्रत्येक फोटोवर मजकूर कोरतात. मला ते पटत नाही, कारण चित्र बिघडते आणि कोरलेला मजकूर स्क्रीन रीडरला सापडत नाही. मी क्रमांक देऊन कॅप्शन्स एकाखाली एक लिहितो, त्यासाठी फोटो सहा-सातच ठेवतो आणि `alt` मजकूर प्रत्येक फोटोला वेगळा भरतो.

आता जोखमीबद्दल. वर्णनात चूक झाली तर चित्रच ती उघडी पाडते. संदर्भातली चूक मात्र चित्राच्या विश्वासार्हतेवर स्वार होऊन खरी म्हणून फिरते. माझ्या एका जुन्या प्रदर्शनात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या तीन होड्यांखाली मी ‘मासेमारी बंदीच्या काळात काम थांबलेल्या होड्या’ असे लिहिले होते. एक वयस्क तांडेल फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग मला बोलावून म्हणाले, “अरे पोरा, ही बंदी नाही. बुडाला रंग लावायला काढल्यात. हा बघ अर्धा रंग ओला आहे.” रंग खरोखरच चकाकत होता. घरी येऊन फाइल पाहिली तर तारीख 20 मे; आणि यांत्रिक बोटींवरची पावसाळी बंदी आपल्या किनाऱ्यावर साधारणपणे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस असते. मी दोन वर्षांनी आठवणीवरून लिहिले होते. तेव्हापासून नोंद त्याच संध्याकाळी करतो, ती फाइलच्या आयपीटीसी वर्णनाच्या रकान्यात भरतो म्हणजे ती फाइलसोबतच राहते, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ महिन्यातून एकदा तपासतो. बंदीच्या तारखांसारखी गोष्ट लिहायची असेल तर त्या वर्षीचा आदेश पाहूनच लिहा.

लँग यांच्या त्या फोटोलाही अशी शेपटी आहे. त्या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले होते असे लँग यांनी 1960 साली आठवणीतून लिहिले, आणि पुढे त्या कुटुंबाने ते नाकारले. फोटो काढताना लँग यांनी नाव विचारलेले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला चाळीसहून अधिक वर्षे गेली. ती चेरोकी वंशाची होती, हे तर त्या नोंदीत कुठेच नव्हते. दोन आकडे बरोबर असूनही माणूस निसटू शकतो.

म्हणून तुमच्या आठव्या फोटोबद्दल आग्रहाने सांगतो. पतपेढीच्या कर्जाचा हप्ता थकल्याचे तुम्ही त्या बाईंच्या नावासह लिहिले आहे. माहिती खरी असेल आणि ती चित्राला टेकतेही, कारण मागच्या भिंतीवर बोटीचा परवाना चौकटीत लावलेला दिसतो. पण ही गोष्ट त्यांनी चहा पिताना तुम्हाला सांगितली होती, तुमच्या पोर्टफोलिओला नव्हे. फोटोला दिलेली संमती कॅप्शनला आपोआप लागू होत नाही. त्यांना फोन करून ते वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवा. नको म्हणाल्या तर हप्त्याऐवजी परवान्याबद्दल लिहा: तो कोणाच्या नावावर आहे आणि भिंतीवर का लावला आहे. ते तुमच्या नोंदींत नाही, तेव्हा त्याच फोनवर विचारून घ्या. चौथ्या फोटोतल्या आजींनाही ‘साडेसहापासून’ हे वाचून दाखवा. वेळ तुम्ही पोहोचलात तेव्हाची आहे, त्या आल्या तेव्हाची नव्हे, असा मला संशय आहे.